हजारात एकदा येणारी चिवणी

प्रश्न: ताई, मी मुलुंडला राहतो, बीएस्सी आयटीच्या शेवटच्या वर्षाला आहे. मराठीत मजकूर कमी म्हणून एका मोठ्या मॉडेलकडून लाखभर वाक्यं लिहून घ्यायची आणि त्यावर आमचं छोटं मॉडेल ट्रेन करायचं असं आम्ही ठरवलंय. असं केलं की मॉडेल कोलॅप्स होतो, म्हणजे पिढ्यापिढ्यांत मॉडेल बिघडत जातं, म्हणतात. पण वाक्यं वाचली तर सगळी शुद्ध आणि चांगली आहेत. मग बिघडतं नेमकं काय? आणि माणसांचा मजकूर घालायचाच झाला तर किती घालायचा?

उत्तर:

लाख वाक्यांतलं कुठलंही एक उचला, ते नीटच असेल. म्हणून वाचून काही हाती लागत नाही. समोर काय आहे ते वाचताना कळतं, काय गळून गेलंय ते मोजल्याशिवाय कळत नाही. तेव्हा आधी एक छोटा हिशेब मांडते. तो वहीत पेनाने करता येईल इतका साधा आहे, आणि तो एकदा पटला की बाकीचं सगळं त्यातूनच निघतं.

समजा मुंबईतल्या माणसांनी मासळीबद्दल बोललेली हजार वाक्यं आपल्याकडे आहेत आणि प्रत्येक वाक्यात एका माशाचं नाव आहे. आकडे मी सोयीसाठी धरते. पापलेट ३०० वेळा, सुरमई २५०, बांगडा २००, बोंबील १५०, कोळंबी ६०, रावस २०, मांदेली १०, करली ५, शिंगाळा ३, आणि निवटी व चिवणी प्रत्येकी एकदा. निवटी म्हणजे खाडीच्या चिखलात उड्या मारणारी, आणि चिवणी पावसाच्या तोंडाला येते, पोटात अंड्यांची गाबोळी घेऊन. कोळी-आगरी घरांत दोन्ही नावं रोजची आहेत, दादरच्या फ्लॅटमधल्या अनेकांनी ती ऐकलेलीही नसतात. भाषेतले बहुतेक शब्द असेच असतात. थोडे शब्द फार वेळा येतात आणि उरलेले असंख्य शब्द क्वचित. ह्या क्वचित येणाऱ्यांच्या लांब रांगेला आमच्या कामात शेपटी म्हणतात.

आता ह्या हजार वाक्यांवर एक मॉडेल ट्रेन करू. ते अगदी प्रामाणिक आहे असं धरू. पापलेटची शक्यता ०.३, चिवणीची ०.००१, जे मोजलं तेच त्याला येतं. त्याच्याकडून नवी हजार वाक्यं लिहून घ्यायची म्हणजे पिशवीत हजार चिठ्ठ्या घालून एक काढायची, नाव टिपायचं, चिठ्ठी परत पिशवीत टाकायची, असं हजार वेळा. ह्या हजार खेपांत चिवणीची चिठ्ठी एकदाही हाताला न लागण्याची शक्यता 0.999^1000, म्हणजे सुमारे ०.३७. मॉडेलने कसलीही चूक केली नाही, तरी शंभरातल्या सदतीस वेळा चिवणी पहिल्याच फेरीत जाते.

नव्या हजार वाक्यांवर पुढचं मॉडेल ट्रेन केलं की पिशवी नव्याने भरली. चिवणी शून्य झाली असेल तर ती शून्यच राहणार, कारण पिशवीत नसलेली चिठ्ठी निघत नाही. नशिबाने ती दोनदा निघाली असेल तर तिला थोडी मुदत मिळाली इतकंच. दहा पिढ्या असंच चालू ठेवलं तर सुरुवातीला एकदा असलेलं नाव नाहीसं झालेलं असण्याची शक्यता सुमारे ८४ टक्के होते. पाचदा असलेली करली जाण्याची शक्यता ४२ टक्क्यांच्या आसपास, आणि वीसदा असलेला रावस जाण्याची फक्त तीनेक टक्के. पापलेटला काहीच होत नाही.

सरासरी काढली तर चिवणी कायम एकच दिसते, आणि पुष्कळजण इथेच फसतात. शंभर जणांनी शंभर पिशव्या घेऊन हा खेळ खेळला, तर काहींच्या पिशवीत दहाव्या फेरीला चिवणी सात-आठ वेळा सापडेल आणि बहुतेकांच्या पिशवीत एकदाही नाही. बेरीज जुळते. पण तुमच्याकडे पिशवी एकच आहे. लोकसंख्येच्या जनुकशास्त्रात हेच गणित शंभरेक वर्षं जुनं आहे. लहान वस्तीत एखादा दुर्मीळ गुण कुठल्याही कारणाविना, केवळ योगायोगाने, पिढ्यापिढ्यांत नाहीसा होतो.

स्वतः करून बघा:

```python
import numpy as np
rng = np.random.default_rng()
n0 = np.array([300,250,200,150,60,20,10,5,3,1,1])
n = n0.copy()
for g in range(10):
    n = rng.multinomial(1000, n / n.sum())
    print(g + 1, n)
```

दहा-बारा वेळा चालवा. दर वेळी आकडे वेगळे येतील, पण नजर उजव्या टोकावर ठेवा. तिथली शून्यं वाढत जातात आणि एकदा आलेलं शून्य परत भरत नाही.

हा झाला प्रामाणिक मॉडेलचा हिशेब. प्रत्यक्षात आपण मॉडेलला इतकं प्रामाणिक राहू देत नाही. मजकूर लिहून घेताना सेटिंगमध्ये `temperature` बहुधा एकच्या खाली ठेवतो, कारण त्याने वाक्यं गुळगुळीत येतात. ते ०.८ ठेवलं की प्रत्येक शक्यतेचा १.२५ वा घात घेतला जातो आणि मग सगळ्यांची बेरीज पुन्हा एक केली जाते. पापलेट आणि चिवणीचं प्रमाण ३००:१ होतं, ते एका फेरीत सुमारे १२५०:१ होतं आणि दुसऱ्या फेरीत ७४००:१ च्या घरात जातं. इथे योगायोगाचा प्रश्नच उरत नाही, प्रत्येक फेरी एकाच दिशेला ढकलते. `top_p` त्याहून कठोर आहे. ते ०.९ ठेवलं तर मॉडेल सर्वांत संभाव्य शब्दांपासून बेरीज करत जातं आणि नव्वद टक्के भरले की बाकीचे टाकून देतं. आपल्या यादीत पापलेट, सुरमई, बांगडा आणि बोंबील मिळून बरोबर नव्वद टक्के होतात. म्हणजे चिवणी तर गेलीच, साठ वेळा आलेली कोळंबीसुद्धा पहिल्याच पिढीत गेली. अकरातली सात नावं एका फेरीत साफ.

खऱ्या भाषा-मॉडेलमध्ये हे दर शब्दाला, आधीच्या संदर्भानुसार घडतं, हे मला ठाऊक आहे. "पावसाच्या तोंडाला गाबोळीने भरलेली" एवढं आधी आलं असेल तर पुढे चिवणी येण्याची शक्यता चांगली असते. पण तो आधीचा शब्दसमूहही शेपटीतलाच आहे, तो यायलाच हवा ना. शिवाय न्यूरल नेटवर्क कुठल्याही शब्दाला नेमकं शून्य देत नाही, काही ना काही शक्यता उरतेच. ती `top_p` च्या रेषेखाली गेली की व्यवहारात तिला शून्यच म्हणायचं.

हे प्रयोगाने दाखवलेलं आहे. इलिया शुमायलॉव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा निबंध आधी २०२३ मध्ये आला आणि जुलै २०२४ मध्ये 'नेचर'मध्ये छापून आला. त्यांनी `OPT-125m` हे छोटं मॉडेल घेतलं, विकिपीडियाच्या लेखांच्या `WikiText-2` ह्या संचावर ते फाइन-ट्यून केलं, म्हणजे आधीच शिकलेल्या मॉडेलला आणखी शिकवलं, त्याच्याकडून तेवढाच मजकूर लिहून घेतला, त्यावर पुढचं मॉडेल ट्रेन केलं, आणि असं पिढ्यानपिढ्या. सुरुवात इंग्लंडमधल्या जुन्या चर्चच्या बांधकामावरच्या मजकुराने करून दिली होती. नवव्या पिढीचं मॉडेल त्यापुढे सशांची यादी लिहीत सुटलं, काळ्या शेपटीचे, पांढऱ्या शेपटीचे, निळ्या शेपटीचे, लाल शेपटीचे. लोकांच्या लक्षात हे ससे राहिले. माझ्या मते त्या निबंधातली अधिक उपयोगाची गोष्ट त्यांनी केलेली विभागणी आहे. आधीच्या टप्प्यात फक्त शेपटी जाते, सरासरी गुण बरे दिसतात आणि कुणाला काही कळत नाही. ससे येतात ते नंतरच्या टप्प्यात. तुमची लाख वाक्यं बिघडली असतील तर ती पहिल्या टप्प्यात असणार, म्हणून ती चांगली दिसतात.

तुम्ही म्हणाल, आम्ही तर एकच पिढी करतोय. तुमच्या हिशेबाने एकच. पण ज्या मोठ्या मॉडेलकडून लिहून घेणार आहात त्याने इंटरनेटवरचं मराठी वाचलेलं आहे, आणि त्यात यंत्राने केलेलं मराठी आधीपासून भरपूर आहे. गूगल ट्रान्सलेटमध्ये मराठी २०१३ पासून आहे. जाहिरातींसाठी उभारलेल्या कित्येक साइट त्या भाषांतरावरच चालल्या. ज्या भाषांचा मजकूर मुळात थोडा, त्यांच्यात यंत्राने केलेल्या भाषांतराचा वाटा मोठा निघतो, हे २०२४ च्या एका अभ्यासात मोजूनही दाखवलंय. त्यामुळे तुम्ही नेमके कितव्या पिढीवर उभे आहात हे तुम्हालाही सांगता येणार नाही. २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आलं, त्याआधीचा मजकूर स्वच्छ, असा ठोकताळा इंग्रजीत बरा चालतो. मराठीत तो तितका विश्वासाचा नाही.

आता आमच्याकडे घडलेली एक गोष्ट सांगते. ती सांगायला मला आजही जड जातं. बोललेल्या मराठीचा संच करायचा म्हणून आम्ही वर्सोव्याला, जूनच्या सुरुवातीला, मासे विकणाऱ्या बायकांची रीतसर परवानगी घेऊन त्यांचं बोलणं रेकॉर्ड केलं. माणसांचा, ताजा, थेट बाजारातला आवाज. याहून अस्सल काय असणार, असं आम्हाला वाटत होतं. रेकॉर्डिंग लिहून काढायचं काम एका एजन्सीला दिलं. काम लवकर व्हावं म्हणून, बोलणं ऐकून लिहून काढणाऱ्या आमच्याच आधीच्या मॉडेलने काढलेला कच्चा मसुदा त्यांना सोबत दिला. टायपिस्टने ऐकायचं आणि मसुदा दुरुस्त करायचा, अशी पद्धत ठरली.

परवानगीच्या कागदांच्या प्रती द्यायला मी पुन्हा गेले, तेव्हा एका मावशींना त्यांचीच वाक्यं वाचून दाखवत होते. एक वाक्य वाचलं, "पहिल्या पावसाची चटणी आहे, गाडी भरलेली." मावशी हातातला कोयता खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "चटनी नाय गो, चिवनी! चिवनी!" मी रेकॉर्डिंग लावलं. त्यात स्वच्छ ऐकू येत होतं, "पयल्या पावसाची चिवनी हाय, गाबोली भरलेली."

एका वाक्यात चार शब्द बदलले होते. 'पयल्या'चं 'पहिल्या' झालं, 'हाय'चं 'आहे' झालं, 'चिवनी'ची 'चटणी' झाली आणि 'गाबोली'ची 'गाडी'. जुन्या मॉडेलला जे शब्द येत नव्हते त्यांच्या जागी त्याने त्याला येणारे, आवाजाला जवळचे शब्द बसवले. पुढचं टायपिस्टच्या हातून घडलं, आणि त्यात तिचा दोष मी धरत नाही. समोर शुद्ध, व्याकरणात बसणारं वाक्य असेल तर कान तेच ऐकतो. दिवसाला शेकडो वाक्यं तपासणाऱ्या माणसाने प्रत्येक चटणीपाशी थांबून शंका घ्यावी अशी अपेक्षा करणं चूक आहे. मसुदा द्यायचा निर्णय आमचा होता.

ह्या संचावर आम्ही पुढचं मॉडेल ट्रेन केलं असतं तर काय झालं असतं ते बघा. चिवणी ऐकू आली की चटणी लिहायचं, हे मॉडेल आता माणसांनी तपासलेल्या संचावरून शिकलं असतं. त्याचा मसुदा पुढच्या वर्षीच्या रेकॉर्डिंगला गेला असता. चिठ्ठ्यांच्या खेळात शब्द योगायोगाने गळत होता. इथे जुन्या मॉडेलची चूकच नव्या मॉडेलसाठी खरी ठरत होती, आणि कागदोपत्री तो डेटा शंभर टक्के मानवी होता.

त्यानंतर आम्ही एक नियम केला आणि तो आजवर मोडलेला नाही. प्रत्येक खेपेतली काही वाक्यं, वीसात एक ह्या हिशेबाने, कुठलाही मसुदा न देता कोऱ्या पानावर टाइप करून घ्यायची, आणि तीही त्या बोलीची सवय असलेल्या माणसाकडून. मग तीच वाक्यं मसुद्यावरून दुरुस्त केलेल्यांशी शब्दाला शब्द ताडून बघायची. नुसता चुकांचा एकूण आकडा बघून भागत नाही, तो दोन्हीकडे कमीच असतो. कोऱ्या पानावर कुठले शब्द आहेत आणि दुरुस्त केलेल्या प्रतीत नाहीत, त्यांची यादी काढायची. आमच्या त्या संचात अशी यादी काढली तेव्हा तिच्यात मासळीची नावं, होडीच्या भागांची नावं आणि 'पयला', 'हाय' यांसारखी रूपं एकामागून एक होती. कुठला एक शब्द चुकला एवढ्यावर प्रकरण थांबत नव्हतं, एका वस्तीचं बोलणंच त्या यादीत उतरलं होतं.

तुमच्या लाख वाक्यांची तपासणी ह्याच पद्धतीने करा. माणसांनी लिहिलेला, खात्रीचा, ट्रेनिंगला कधीच न लावलेला एक संच बाजूला कुलपात ठेवा. लहान चालेल. त्यातून आणि तुमच्या वाक्यांतून सारख्याच संख्येने शब्द घ्या, म्हणजे समजा पन्नास-पन्नास हजार, नाहीतर तुलना फसते. दोन्हीकडे वेगवेगळे शब्द किती आणि फक्त एकदाच आलेले किती ते मोजा. मराठीत शब्दाची रूपंही मोजायला हवीत. चिवणी, चिवण्या, चिवणीचं, चिवण्यांना ही सगळी रूपं माणूस सहज वापरतो. मॉडेलच्या मजकुरात मूळ शब्द शिल्लक असतो, पण रूपं आधी गळतात, असा माझा अनुभव आहे. आणि शेवटी माणसांच्या संचात पाच किंवा अधिक वेळा आलेले पण तुमच्या वाक्यांत एकदाही न आलेले शब्द काढा. ती यादी चहा घेत बसून वाचा. अर्ध्या तासात तुम्हाला कुठली माणसं तुमच्या मॉडेलमधून बाहेर पडली आहेत ते कळेल.

पर्प्लेक्सिटी मोजत असाल, म्हणजे पुढचा शब्द मॉडेलला किती अनपेक्षित वाटतो ते, तर तिची एक सरासरी काढून थांबू नका. नेहमीच्या शब्दांची वेगळी आणि दुर्मीळ शब्दांची वेगळी काढा. पहिली सुधारतेय आणि दुसरी बिघडतेय असं दिसलं की समजा शेपटी चालली. सरासरीत नेहमीच्या शब्दांचं वजन इतकं असतं की दुसरीची बातमी तिच्यात बुडून जाते. याच कारणाने कमी पर्प्लेक्सिटी म्हणजे चांगला मजकूर अशा चाळणीपासूनही जपून राहा. मावशींचं वाक्य त्या चाळणीत अडकेल आणि चटणीचं वाक्य खाली उतरेल.

आता किती घालायचा ते. 'नेचर'मधल्या त्याच प्रयोगात प्रत्येक पिढीला मूळ मानवी मजकुराचा दहा टक्के भाग राखून ठेवला, तेव्हा घसरण पुष्कळच कमी झाली. त्यामुळे दहा टक्के हा आकडा लोकांच्या तोंडी बसलाय. पण त्यात एक बारीक गोष्ट आहे. तेच जुने दहा टक्के पुन्हा पुन्हा घालणं वेगळं आणि दर वेळी नवे दहा टक्के आणणं वेगळं. आपल्या हजारांपैकी शंभर वाक्यं एकदा निवडून कायमची ठेवली, तर त्यांत चिवणी असण्याची शक्यता दहा टक्के. नसली तर ती राखीव शंभर वाक्यं तिला कधीच परत आणू शकणार नाहीत. उलट दर पिढीला बाजारातून नवी शंभर वाक्यं आणली, तर दहा पिढ्यांत एक हजार नवी वाक्यं होतात आणि त्यांत ती एकदा तरी सापडण्याची शक्यता ६३ टक्के. कोडमध्ये मधली एक ओळ बदलून बघा:

```python
n = rng.multinomial(900, n/1000) + rng.multinomial(100, n0/1000)
```

उजव्या टोकाला शून्यं आताही दिसतील, पण ती कायमची नसतील. इथे `n0` म्हणजे बाहेरचं जग आहे. खऱ्या जगात हा `n0` सुद्धा हलत असतो. अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये खुला झाला, भुयारी मेट्रो ३ चा पहिला टप्पा ऑक्टोबर २०२४ मध्ये. २०२२ मध्ये बंद केलेल्या पिशवीतून कितीही पिढ्या काढल्या तरी सेतूवरून नवी मुंबईला जाणारा माणूस त्यातून निघणार नाही.

जुनं टाकून देऊ नका, हीसुद्धा तितकीच महत्त्वाची गोष्ट आहे. मी वर मांडलेल्या खेळात प्रत्येक पिढी आधीचीला पूर्ण हटवते. २०२४ मध्येच गेर्स्टग्रासर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की मूळ मानवी मजकूर आणि प्रत्येक पिढीचा मजकूर साठवत गेलं, काहीच फेकलं नाही, तर चूक वाढत जात नाही, ती एका मर्यादेत राहते. त्यामुळे सगळी मॉडेल्स आता कोसळणारच, असं जे बोललं जातं ते मला पटत नाही. तपासणारा पक्का असेल तिथे यंत्राचा मजकूर उपयोगीही पडतो. गणिताची उदाहरणं लिहून घेतली आणि उत्तर ताडून चुकलेली टाकली, रोमन लिपीतलं मराठी देवनागरीत करून घेतलं, अशा कामांत मीही वापरते. पण "हे वाक्य वर्सोव्याच्या माणसासारखं आहे का" हे तपासणारा प्रोग्राम अजून नाही. तो तपास मावशींनी केला.

म्हणून टक्क्यांत विचार करू नका, शब्दांत करा. एक सोपा नियम आहे. एखादी गोष्ट हजारात एकदा येत असेल आणि ती आपल्या संचात एकदा तरी यावी अशी ९५ टक्के खात्री हवी असेल, तर साधारण तीन हजार नमुने लागतात. दहा हजारात एकदा येत असेल तर तीस हजार. शक्यतेच्या उलट्याला तीनने गुणायचं. आणि एकदा येऊन मॉडेल शब्द शिकत नाही, निरनिराळ्या वाक्यांत तो बऱ्याचदा यावा लागतो. हे आकडे बघून तुमच्यासारख्या चार मुलांचा गट हात टेकेल हे मला कळतं.

पण हजारात एकदा ही चिवणीची सरासरी झाली, ती सगळ्या मुंबईच्या बोलण्यात मिळून. जूनमध्ये कोळीवाड्यातल्या बाजारात बसलात तर ती पन्नासात एकदा सहज येईल. त्याच नियमाने तीन हजारांऐवजी दीडशे वाक्यं पुरतात. तुमच्या गळलेल्या शब्दांच्या यादीत कुठल्या वस्तीचे, कुठल्या धंद्याचे शब्द आहेत ते बघा आणि तिथे जा. मुलुंडहून लोकल पकडून भांडुपला किंवा ठाण्याला उतरलात तरी पुष्कळ मिळेल. गिरणीत काम केलेले आजोबा असतील, रेल्वे वर्कशॉपमधले फिटर असतील, भाजीवाल्या असतील. आधी परवानगी घ्या, त्यांच्या वेळेचे पैसे द्या.

लिहून काढताना प्रत्येक वाक्याला तारीख, जागा आणि `source` चा रकाना ठेवा. त्यात माणूस, यंत्र किंवा यंत्राच्या मसुद्यावरून माणूस, ह्या तीनपैकी एक लिहा. तिसरा पर्याय विसरू नका, आमची चटणी त्यातूनच आली होती. आणि कानाला 'चिवनी' ऐकू आलं तर 'चिवनी'च टाइप करा. प्रमाण रूप हवं असेल तर ते शेजारच्या रकान्यात लिहा, पहिल्यावर फिरवू नका.